स्कीमचा हिशेब दुकानाच्या गल्ल्यावर व्हावा: ओझरच्या किरकोळ दुकानदारांचे मागणीपत्र

प्रति,
१) ओझर परिसरात माल पुरवणाऱ्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्यांचे विभागीय विक्री व्यवस्थापक
२) नाशिक व निफाड तालुक्यातील त्यांचे अधिकृत वितरक

विषय: स्लॅब सवलत, डिस्प्ले योजना आणि त्यांच्या परताव्याची तपासणी याबाबत.

महोदय / महोदया,

ओझर गाव, एचएएलची वसाहत, महामार्गालगतची वस्ती आणि आसपासच्या खेड्यांतील किराणा, जनरल स्टोअर्स व बेकरीच्या दुकानदारांच्या संघटनेच्या वतीने हे मागणीपत्र देत आहोत. स्कीम बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. स्कीमवर तुमचे पैसे खर्च होतात, आमचे भांडवल आणि जागा अडकते. या खर्चातून खरोखर किती जादा माल ग्राहकाच्या पिशवीत गेला, हे मात्र कोणी मोजत नाही. वितरकाच्या गोदामातून दुकानात माल आला की तुमच्या तक्त्यावर तो विक्री म्हणून दिसतो. आमच्या दृष्टीने त्या दिवशी फक्त उधारी वाढलेली असते. या दोन हिशेबांमधले अंतर मिटवावे, हीच आमची मूळ मागणी आहे. खालच्या पाचही मागण्या त्यातूनच निघाल्या आहेत.

पार्श्वभूमी

महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस प्रत्येक दुकानदाराच्या ओळखीचे आहेत. सेल्समन दुकानात येतो, मोबाइलवर टार्गेट दाखवतो आणि म्हणतो, "शेठ, अजून पंधरा पेट्या टाका, तीन टक्के सुटतील." तो बिचारा त्याच्या जागी बरोबर असतो, कारण त्याचा इन्सेन्टिव्ह पाठवलेल्या पेट्यांवर ठरतो. पेट्या येतात आणि पोटमाळ्यावर चढतात. पुढच्या महिन्यात त्या मालाची ऑर्डरच निघत नाही. मग पुढच्या महिनाअखेरीस आणखी मोठी स्कीम येते.

यात दुसरी अडचण दोन भावांची आहे. मोठा स्लॅब उचलणारा होलसेलर मिळालेली सवलत खाली सोडतो आणि तोच माल ओझरमध्ये आमच्या एजन्सीच्या भावापेक्षा स्वस्त येऊन पडतो. हा प्रश्न राज्याला नवा नाही. ऑनलाइन होलसेल कंपन्यांना मिळणारा भाव आणि पारंपरिक वितरकांना मिळणारा भाव यांत मोठी तफावत असल्याची तक्रार अखिल भारतीय वितरक महासंघाने डिसेंबर २०२१ मध्ये केली. जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातील वितरकांनी काही मोठ्या कंपन्यांच्या ठरावीक मालाचे वितरण थांबवले होते. त्याच प्रश्नावर आम्ही एक पायरी खालून मागत आहोत: स्कीम कोणाला, किती आणि कशासाठी, हे उघड असावे.

मागणी पहिली: प्रत्येक स्कीमचा एक पानी मराठी कागद, ऑर्डर घेण्याआधी

आज स्कीम तोंडी सांगितली जाते किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चित्रात येते. चित्रात टक्केवारी ठळक असते आणि अटी बारीक. क्लेम अडकला की ज्याने स्कीम सांगितली, त्याची बदली झालेली असते.

म्हणून प्रत्येक स्कीमच्या कागदावर पुढील गोष्टी असाव्यात: कोणता माल आणि कोणते पॅक, सुरुवातीची व शेवटची तारीख, स्लॅब, सवलत बिलातच वजा होणार की नंतर क्रेडिट नोटने मिळणार, आणि क्लेम नाकारायचा असेल तर कोणत्या कारणांनी. सवलतीचा भार कंपनीचा की वितरकाचा, हेही लिहावे. वितरक पुष्कळदा स्वतःच्या खिशातून पैसे देऊन कंपनीकडे महिनोन्‌महिने क्लेमची वाट बघत बसतो आणि त्याची ओढाताण आमच्यापर्यंत येते. शक्य तिथे सवलत बिलातच द्यावी. क्रेडिट नोट द्यायचीच असेल तर स्कीम संपल्यापासून तीस दिवसांत द्यावी आणि क्लेम नाकारल्यास कारण लेखी कळवावे.

मागणी दुसरी: स्लॅब दुकानाच्या खपाशी बांधलेला असावा

ही आमची सर्वांत महत्त्वाची मागणी आहे, म्हणून तिचा हिशेब पूर्ण मांडतो. समजायला सोपे जावे म्हणून आकडे गोल घेतले आहेत. पद्धत तुम्ही कोणत्याही मालाला लावून पाहा.

एका दुकानात अंगाच्या साबणाच्या महिन्याला १० पेट्या खपतात. पेटीची पडतळ १,००० रुपये. दुकानदार एरवी दर आठवड्याला अडीच पेट्या घेतो, म्हणजे दुकानात सरासरी सव्वा पेटी, सुमारे १,२५० रुपयांचा माल पडून असतो. आता स्कीम येते: एकदम ४० पेट्या घ्या, ३ टक्के सवलत. सवलतीचे १,२०० रुपये होतात आणि ते डोळ्यांत भरतात.

या ४० पेट्या खपायला चार महिने लागतात. माल हळूहळू कमी होत जातो, म्हणून त्या चार महिन्यांत सरासरी २० पेट्या, म्हणजे २०,००० रुपये अडकलेले राहतात. नेहमीचे १,२५० वजा केले तर जादा अडकलेली रक्कम १८,७५० रुपये. पतसंस्थेचे किंवा कॅश क्रेडिटचे पैसे शेकडा दीड रुपये महिना धरले, तर महिन्याला सुमारे २८१ आणि चार महिन्यांचे १,१२५ रुपये व्याज होते. १,२०० मधून ते गेले की उरतात ७५ रुपये. त्यात पोटमाळ्यावर उंदराने एक पेटी कुरतडली किंवा वेष्टणे ओलावली, की स्कीम सरळ तोट्यात जाते.

आता तोच स्लॅब २० पेट्यांचा करा. सवलत तीच, ३ टक्के, म्हणजे ६०० रुपये. माल दोन महिन्यांत संपतो, जादा अडकलेली रक्कम ८,७५० रुपये आणि व्याज सुमारे २६२ रुपये. दुकानदाराला ३३८ रुपये सुटतात. चार महिन्यांत तो असा माल दोनदा उचलतो आणि त्याच ४० पेट्यांवर ७५ ऐवजी ६७६ रुपये कमावतो. कंपनीने दिलेली सवलत दोन्ही वेळा १,२०० रुपयेच आहे. फरक इतकाच, की पहिल्या रीतीत ती जवळजवळ सगळी व्याजात गेली आणि दुसऱ्या रीतीत निम्म्याहून जास्त दुकानात राहिली. कारण उघड आहे. स्लॅब दुप्पट केला की सवलत दुप्पट होते, पण माल दुप्पट आणि तोही दुप्पट काळ अडकतो, त्यामुळे व्याज चौपटीच्या घरात जाते.

म्हणून कोणत्याही दुकानाला त्याच्या दोन महिन्यांच्या खपापेक्षा मोठा स्लॅब लावू नये. एकाच ऑर्डरची अट काढून तिमाहीतील एकूण खरेदीवर स्लॅब मोजावा, म्हणजे लहान दुकानदारही आठवड्याच्या ऑर्डरी जमवत तिथे पोहोचेल. महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत नवी स्कीम काढू नये. आणि स्लॅब कोणताही असो, तो होलसेलर, ऑनलाइन पुरवठादार आणि एजन्सीच्या दुकानदाराला एकाच दिवशी, एकाच कागदावर दिसावा.

मोठ्या साठ्याची दुसरी जोखीम २२ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वांनी पाहिली. त्या दिवसापासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाच्या दृष्टीने निर्णय चांगलाच होता. पण जे दुकानदार जीएसटीत नोंदणीकृत नाहीत किंवा कंपोझिशनमध्ये आहेत, त्यांना खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. जुन्या कराने घेतलेला माल नव्या भावात विकायचा, तर फरक त्यांच्या अंगावर पडतो. आठवड्याचा माल असेल तर तो सोसता येतो, चार महिन्यांचा असेल तर नाही. म्हणून स्कीमखाली दिलेल्या मालाचा कर किंवा एमआरपी कमी झाली, तर शिल्लक साठ्याचा फरक कंपनीने भरून द्यावा, ही अट स्कीमच्या कागदातच असावी.

मागणी तिसरी: डिस्प्लेचे भाडे जागेच्या खऱ्या किमतीवर

दर्शनी फळीवर, ग्राहकाच्या डोळ्यांच्या उंचीला दोन फूट जागा द्या, महिन्याला ६०० रुपये मिळतील, असा करार होतो. फळी रिकामी होती असे धरूनच ही रक्कम ठरवलेली दिसते. ती रिकामी नव्हती.

त्या जागी गावातल्या गृहउद्योगाचा चिवडा आणि शेव होती. महिन्याला ६,००० रुपयांची विक्री आणि २० टक्के नफा, म्हणजे १,२०० रुपये. माल मागच्या फळीवर गेला, तेव्हा विक्री ३,५०० वर आली आणि नफा ७०० वर. दुकानाचे ५०० रुपये गेले. पुढे ठेवलेल्या बिस्किटाची विक्री ४,००० वरून ५,५०० झाली, पण त्यातले १,००० रुपये शेजारच्या फळीवरच्या दुसऱ्या बिस्किटाचे ग्राहक इकडे वळल्यामुळे आले. दुकानाची खरी वाढ ५०० रुपयांची, त्यावर १० टक्क्यांनी नफा ५० रुपये. सगळे मिळून ६०० अधिक ५०, वजा ५००, म्हणजे महिन्याला १५० रुपये.

तीन महिन्यांच्या करारात हे ४५० रुपये होतात. पण एका महिन्याचा फोटो अ‍ॅपवर चढला नाही, किंवा फोटो काढला त्या वेळी फळीवरचे चार पुडे विकले गेलेले होते, म्हणून क्लेम नाकारला गेला, तर त्या महिन्यात दुकानाला ४५० रुपयांचा तोटा होतो. बाकी दोन महिन्यांचे ३०० जमा धरले, तरी तीन महिन्यांत दुकानदार १५० रुपये खाली जातो. कंपनीचे तरी काय साधते? १,५०० रुपयांच्या जादा विक्रीसाठी, म्हणजे दुकानदाराच्या खरेदीभावाने १,३५० रुपयांच्या मालासाठी, तिने ६०० रुपये मोजले. हे परवडते का, हे तिने स्वतःच्या नफ्याशी ताडून पाहावे.

म्हणून आमची मागणी अशी: डिस्प्लेचे भाडे ठरवताना त्या जागेवरच्या मागील दोन महिन्यांच्या नफ्याची नोंद पाहावी. फोटो सेल्समनने काढावा आणि त्याची प्रत त्याच क्षणी दुकानदाराला द्यावी. भाडे महिन्याच्या दिवसांवर मोजावे. चार दिवस डिस्प्ले नीट नसेल तर चार दिवसांचे कापावे, पूर्ण महिन्याचे नाही. माल विकला गेल्यामुळे फळीवर खंड दिसला, तर तो दोष धरू नये, कारण डिस्प्ले विकण्यासाठीच लावलेला असतो.

यात कराची एक खाच आहे, ती बहुतेक लहान दुकानदारांना कोणी सांगत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या १२ सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकानुसार, विक्रीनंतरची साधी सवलत म्हणजे दुकानदाराने दिलेल्या सेवेचा मोबदला नव्हे. पण डिस्प्ले किंवा जाहिरातीसारखे ठरावीक काम ठरावीक मोबदल्यावर करायचा स्पष्ट करार असेल, तर ती सेवा ठरते आणि तिच्यावर जीएसटी लागतो. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा ४० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे. सेवा देणाऱ्याला ती २० लाखांची आहे. २५-३० लाखांची उलाढाल असलेला दुकानदार ६०० रुपयांच्या फळीभाड्यासाठी 'फक्त माल विकणारा' राहत नाही आणि नोंदणीच्या कक्षेत येऊ शकतो. म्हणून डिस्प्लेचा मोबदला कोणत्या स्वरूपात दिला जाणार आहे, हे करारात स्पष्ट लिहावे. दुकानदाराने आपल्या कर सल्लागाराला विचारल्याशिवाय त्याची सही घेऊ नये.

मागणी चौथी: स्कीमचा परतावा शिल्लक मालावरून मोजावा

दुकानातून किती माल गेला, हे काढायला मोठे यंत्र लागत नाही. सुरुवातीची शिल्लक, त्यात आलेला माल, त्यातून शेवटची शिल्लक वजा केली की विक्री मिळते. स्कीमच्या आधीचे आठ आठवडे, स्कीमचा काळ आणि नंतरचे आठ आठवडे, असे तिन्ही टप्पे मोजावेत. नंतरचे आठ आठवडे सोडले तर सगळा हिशेब फसतो, कारण साठवलेला माल खपताना पडणारा खड्डा तिथेच दिसतो.

वरच्या साबणाचे उदाहरण घ्या. कंपनीच्या तक्त्यावर त्या महिन्यात ४० पेट्या दिसतात, नेहमीच्या चौपट. पुढचे तीन महिने शून्य. चार महिन्यांची बेरीज ४० आणि स्कीम नसतानाही ती ४० च होती. म्हणजे १,२०० रुपये देऊन एकही पेटी जादा गेली नाही. एका पेटीमागे कंपनीला २५० रुपये सुटतात असे धरले, तर १,२०० वसूल व्हायला चार महिन्यांत निदान पाच पेट्या जादा, म्हणजे ४५ पेट्या ग्राहकापर्यंत जायला हव्यात. ४० आणि ४५ मधला हा फरक पाठवलेल्या पेट्यांच्या तक्त्यात कधीच दिसणार नाही, दुकानातल्या शिल्लक मालातच दिसेल.

ओझरपुरते एक पथ्य पाळावे लागेल. इथली विक्री महिन्या-महिन्याला सारखी नसते. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडेरायाची यात्रा भरली की शीतपेय, बिस्किट आणि खाऊ आपोआप खपतो. द्राक्षहंगामात सुरगाणा, पेठ भागातून मजूर निफाड तालुक्यात येतात, तेव्हा दहा रुपयांच्या आतले साबण आणि तेलाच्या पुड्या जास्त जातात. कांद्याचा भाव पडला की मोठे पॅक मागे राहतात. एचएएलच्या पगाराचा आठवडा आणि महिन्याचा शेवटचा आठवडा यांची तुलनाच होत नाही. यात्रेच्या महिन्यात स्कीम चालवून आधीच्या महिन्याशी तुलना केली, तर वाढीचे श्रेय खंडेरायाचे आणि बक्षीस सेल्समनला, असे होते. म्हणून प्रत्येक मोठ्या स्कीमच्या वेळी त्याच वस्तीतली, तेवढ्याच खपाची काही दुकाने स्कीमबाहेर ठेवून त्यांचीही शिल्लक मोजावी. जी वाढ दोन्हीकडे दिसते, ती हंगामाची. जी फक्त स्कीमच्या दुकानांत दिसते, ती स्कीमची. स्कीमबाहेर राहिलेल्या दुकानांना पुढच्या स्कीममध्ये आधी घ्यावे, म्हणजे त्यांच्यावर अन्याय होणार नाही.

या मोजणीचा निकाल आम्हालाही दाखवावा. जी स्कीम दोघांनाही परवडत नाही, ती पुन्हा आणू नये.

मागणी पाचवी: न खपलेला स्कीम-माल परत घ्यावा

स्कीमखाली दिलेल्या मालाची मुदत, तो माल दुकानात आला त्या दिवशी, निदान दोन तृतीयांश शिल्लक असावी. मुदत जवळ आलेला माल स्कीम लावून खपवणे ही सवलत नव्हे, एक्स्पायरीचे ओझे दुकानदाराच्या डोक्यावर देणे आहे. असा माल द्यायचाच असेल, तर बिलावर तारीख ठळक लिहावी आणि न खपलेला माल परत घेण्याची हमी द्यावी.

आमच्याकडून काय मिळेल

मागणी एकतर्फी असू नये, म्हणून आमची जबाबदारीही लिहून देतो. सहभागी दुकानदार ठरलेल्या दिवशी शिल्लक माल प्रामाणिकपणे मोजू देतील आणि खरेदीची बिले दाखवतील. ग्राहकासाठी आलेला फुकट नग वेगळा काढून विकणार नाहीत. स्कीमचा माल दुसऱ्या एजन्सीच्या हद्दीत कमी भावाने सोडणार नाहीत. डिस्प्लेची जागा कराराच्या काळात दुसऱ्या मालाला देणार नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट करतो. ही संघटना कोणत्याही मालाचा विक्रीभाव ठरवणार नाही आणि कोणत्याही कंपनीचा माल बंद करण्याचा आदेश सदस्यांना देणार नाही. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ ची आम्हाला जाणीव आहे. गोव्यातील औषधविक्रेत्यांच्या संघटनेला भारतीय स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये दंड केला, हेही आम्ही विसरलेलो नाही. कोणती स्कीम घ्यायची आणि कोणती फळी द्यायची, हे प्रत्येक दुकानदार आपापला हिशेब करून ठरवील. त्यासाठी वरच्या दोन उदाहरणांसारखा कोरा तक्ता आम्ही प्रत्येक सदस्याला देणार आहोत.

विनंती

हे मागणीपत्र मिळाल्यापासून एकवीस दिवसांत संबंधित अधिकारी, वितरक आणि आमचे प्रतिनिधी यांची ओझर येथे एकत्र बैठक घ्यावी. सुरुवात म्हणून एकाच मालाची, एकाच तिमाहीची स्कीम निवडावी आणि चौथ्या मागणीतील पद्धतीने तिची मोजणी करावी. त्या मोजणीत स्कीम फायद्याची ठरली, तर पुढच्या वेळी माल उचलायला आम्ही स्वतः पुढे येऊ. तोट्याची ठरली, तर तुमचा खर्च वाचेल आणि आमचा पोटमाळा रिकामा राहील. या विनंतीवर लेखी उत्तर मिळावे.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी
किरकोळ दुकानदार, ओझर (ता. निफाड, जि. नाशिक)